शंभर किलो पाणी

सुमेधा पाध्येशी पहिल्यांदा बोलणाऱ्याला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं. दुसऱ्यांदा बोलल्यावर कळायचं, की चुकलं काही नाही, बाई बोलतेच अशी. तिसऱ्यांदा बोलायला सहसा कोणी जात नसे.

काशीला मंगला गौरीच्या गल्लीत, पंचगंगा घाटाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या अलीकडे पाध्यांचं घर. वडील वेणीमाधवभट यात्रेकरूंची श्राद्ध-पक्ष करवायचे आणि मुलीला घाबरायचे. मुलगी विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, पहिल्या वर्गात. त्याच्या पुढच्याच महिन्यात इंदूरहून एक स्थळ आलं. मुलाची आई म्हणाली, "एवढी केमिस्ट्री शिकून करणार काय गं?" सुमेधाने त्यांनी दाखवायला आणलेल्या चांदीच्या वाटीकडे नजर टाकली आणि म्हणाली, "यात तांबं किती घातलंय ते सांगेन." पाहुणे पोह्यांना हात न लावता उठले. तिची आई, आनंदीबाई, दोन दिवस रडत होती. सुमेधाने पोहे खाल्ले.

त्यानंतर स्थळं आलीच नाहीत आणि तिनेही वाट पाहिली नाही. गंगेपलीकडे रामनगरला सोऱ्याचा कारखाना होता, तिथे केमिस्ट म्हणून लागली. सोरा म्हणजे फटाक्याच्या दारूत पडतो तो. बनारसला जरीसाठी चांदी गाळणाऱ्यांनाही तो लागे, म्हणून कारखान्याचे मालक विश्वेश्वर सेठ मुळात जरीवालेच. रोज सकाळी राजघाटच्या पुलावरून पडावचा नाका आणि पडावहून रामनगर, खचाखच भरलेल्या टेम्पोत. अकरा वर्षं ती हे करत होती. या अकरा वर्षांत टेम्पोवाल्यांनीही तिला सुट्या पैशांवरून छेडणं सोडून दिलं होतं.

कारखान्यातलं काम सांगायला सोपं आहे. गावागावांतून कच्चा, मळकट सोरा यायचा. तो एकदा पाण्यात उकळून, गाळून, त्यातलं मीठ आणि माती काढायचे. मग तो धुतलेला सोरा पुन्हा कढईत. पाणी साठ अंशांवर ठेवायचं आणि सोरा घालत राहायचं, घालत राहायचं, तळाशी थोडा न विरघळता शिल्लक राहीपर्यंत. म्हणजे आता या गरम पाण्याला आणखी एक चिमूट नको. वरचं नितळ पाणी काट्यावर ठेवलेल्या टाकीत सोडायचं, काटा शंभर किलोवर आला की तोटी बंद. तिथून ते खाली तळघरात, पसरट परातींत. फळ्यांनी झाकायचं. पाणी निवतं तसा त्याला सगळा सोरा पेलवेनासा होतो आणि जास्तीचा सोरा लांब लांब काड्यांच्या रूपात खाली बसतो. तोच कलमी सोरा. उरलेलं पाणी फेकायचं नाही, पुढच्या कढईत घालायचं.

हे सगळं बघायचा गोपीनाथ चौहान मिस्त्री. जातीने नोनिया, घरात बापआज्यापासून हाच धंदा. पन्नाशीचा, बुटका, फार कमी बोलणारा. सुमेधाच्या फटकळपणाला तो हसायचाही नाही आणि रागवायचाही नाही. ती आली की "परनाम बहिनजी" म्हणायचा आणि कामाला लागायचा. तिला जगात जे कोणी सहन होत असत त्यात हा एक. तिचं काम वेगळं होतं, सोरा किती स्वच्छ झाला, त्यात मीठ किती राहिलं ते नळीत तपासायचं. तोलणं-मापणं मिस्त्रीकडे. त्यात तिने कधी नाक खुपसलं नाही, आणि तिच्या नळ्यांना त्याने कधी हात लावला नाही.

कारखाना कार्तिकात सुरू व्हायचा आणि होळीनंतर थोड्या दिवसांनी बंद. मग थेट दिवाळीपर्यंत कुलूप. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. लग्नसराई असते, माणसं गावी जातात, एवढंच सगळे सांगायचे. सेठच्या वडिलांपासून चालत आलेलं होतं आणि कोणी विचारलं नव्हतं.

मग आला शरद नातू.

शरद नातू पुण्याचा. इंजिनिअर, पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट. सेठच्या मुलाने त्याला मॅनेजर म्हणून आणला. आल्या आल्या त्याने दोन गोष्टी केल्या. एक, उन्हाळ्यातही कारखाना चालेल असं जाहीर केलं. यंत्रं काय रजेवर जातात का, असं त्याचं म्हणणं. आणि दुसरी, सुमेधाची परीक्षा घेतली.

ही दुसरी गोष्ट तिला जन्मभर लागून राहिली. स्वतःच्या टेबलामागे बसून, समोर खुर्ची न देता, त्याने विचारलं होतं, "पाध्येबाई, साठ अंशांवर सोऱ्याची विद्राव्यता किती? शंभर किलो पाण्यात किती किलो विरघळतो?"

शाळेतल्या पोरीला विचारावं तसं. सुमेधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एकशे दहा," ती म्हणाली.

"वीसवर?"

"बत्तीस."

"म्हणजे शंभर किलो पाण्यामागे निवल्यावर खाली बसणार किती?"

"अठ्ठ्याहत्तर. वजाबाकी येते मला."

"उत्तम," तो म्हणाला, आणि हसला. "तुमची मराठी मात्र जरा भोजपुरीकडे झुकते, नाही?"

ती वळून निघून आली. हे कशासाठी विचारलं, असं विचारायला हवं होतं. नाही विचारलं. त्या माणसाशी आणखी एक शब्द बोलणं म्हणजे तिला स्वतःच्या तोंडाचा अपमान वाटला. पुढचा सगळा वैशाख दोघं एकमेकांसमोरून भिंतीकडे बघत जात होते. तो तिला 'काशीची पंडिता' म्हणे, तिला ऐकू येईल अशा बेताने. ती त्याला 'इस्त्री' म्हणे, तेही तसंच.

जेठ लागला. अशा उन्हात पहिल्यांदाच कढया तापत होत्या. मजूर तळघरात जाऊन बसायला निमित्तं शोधायचे. आणि एका सकाळी सुमेधा फाटकातून आत येते तो रात्रपाळी करून निघालेला गोपीनाथ मिस्त्री फाटकापाशी उभा, दोन्ही हात वर, आणि नवा रखवालदार त्याची झोळी उलटीपालटी करून बघतोय. मागे शरद नातू, हात पाठीमागे बांधून.

"हे काय चाललंय?" सुमेधाने विचारलं.

"चोरी पकडणं चाललंय," शरद म्हणाला. "रोजची टाकी शंभर किलोची. तुमचं तुम्हीच सांगितलंत, अठ्ठ्याहत्तर यायला हवेत. येतात निम्म्याहूनही कमी. उरलेलं कुठं जातं? जमीन पिते? आज सेठ येणार आहेत. त्यांच्यासमोर याला ठाण्यात देणार. रामनगर ठाण्याला मी कालच कळवून ठेवलंय."

गोपीनाथ खाली वाकला. झोळीतली चुन्याची डबी खाली पडली होती, ती त्याने उचलून पुसली.

आता एखादी शहाणी बाई असती तर तिथेच शांतपणे म्हणाली असती, की थांबा, काहीतरी घोटाळा आहे. सुमेधाला घोटाळा ऐकताक्षणी कळला होता. कळला आणि तिच्या मनात उकळी फुटली, ती मिस्त्रीसाठी नव्हे. ते खरं सांगितलं पाहिजे. त्या क्षणी तिला मिस्त्री दिसतच नव्हता, तिला इस्त्री दिसत होती, आणि सगळ्यांसमोर तिला चुण्या पाडायची ही संधी तिला सेठ येईपर्यंत राखून ठेवायची होती. ती आपल्या खोलीत जाऊन बसली. मिस्त्री दोन तास उन्हात फाटकापाशी उभा होता.

विश्वेश्वर सेठ आले. जाडजूड, घामाघूम, पांढरं धोतर, तोंडात पान. टाकीपाशीच बाज टाकून बसले. मजूर भोवती जमले. शरदने आपलं म्हणणं मांडलं, हिंदीत, एकशे दहा आणि बत्तीस आणि अठ्ठ्याहत्तर. सेठने मान हलवली. मग गोपीनाथकडे बघून म्हणाले, "का हो मिस्त्री?"

"हम कुछ नहीं लिये मालिक," गोपीनाथ म्हणाला. एवढंच.

तेव्हा सुमेधा पुढे झाली. "नातूसाहेब, अठ्ठ्याहत्तर किलो कशामागे?"

"शंभर किलो पाण्यामागे. तुम्हीच म्हणालात."

"हो. पाण्यामागे. आणि या टाकीत काय असतं?"

"शंभर किलो पाणी. हा मिस्त्री म्हणतो, तो हमाल म्हणतो, तुम्हीसुद्धा म्हणता. पहिल्या दिवसापासून ऐकतोय, शंभर किलो पाणी उतरलं, पाणी निवलं, पाणी खाली सोडलं."

"म्हणतो. आमच्याकडे टाकीत उतरतं त्याला पाणीच म्हणतात. सोरा विरघळलेलं असलं तरी पाणी. ते नितळ दिसतं ना, म्हणून." सुमेधाचा आवाज गोड झाला, आणि ती गोड बोलू लागली की ओळखणारे दोन पावलं मागे सरत. "पुण्यात पाणी म्हणजे नळाचं, हे मला माहीत नव्हतं. शंभर किलो नळाच्या पाण्यात एकशे दहा किलो सोरा विरघळला की एकूण होतात दोनशे दहा. दोनशे दहा किलो गरम पाण्यातून अठ्ठ्याहत्तर बसतात. तुमच्या टाकीत दोनशे दहा मावतात?"

शरदने टाकीकडे बघितलं.

"तुमच्या शंभर किलोंत नळाचं पाणी साडेसत्तेचाळीस आणि सोरा साडेबावन्न. सगळ्यात मिळून साडेबावन्न. चुलीवर ठेवून थेंबन् थेंब आटवलं तरी अठ्ठ्याहत्तर मिळणार नाहीत, कारण ते त्यात नाहीतच. जे नाहीच ते मिस्त्रीने चोरलं कसं, हे ठाण्यात सांगा. मलाही ऐकायचंय."

मजुरांना शब्द कळले नसतील, पण मॅनेजरचा चेहरा कळत होता. कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. सेठने पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "तो कितना आना चाहिए, बेटी?"

"अठ्ठ्याहत्तर भागिले दोनशे दहा, गुणिले शंभर. सदतीस." सुमेधा शरदकडे बघून म्हणाली, "सदतीस, सेठजी. लिहून घ्या हवं तर. किलोभर इकडेतिकडे, बस."

काय गोड क्षण होता. त्या इंदूरच्या वाटीनंतर इतकं बरं तिला वाटलं नव्हतं. आणि हेच तिचं चुकलं. कारण शरद नातू गर्विष्ठ होता, पण बेअक्कल नव्हता. त्याने रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाला, "मान्य. पाण्याचा अर्थ मी चुकीचा घेतला. सदतीस तर सदतीस. काल संध्याकाळची टाकी खाली निवतेय. शंभर किलो भरताना मी स्वतः इथे उभा होतो. रात्रभर मिस्त्री आणि त्याची माणसं तळघरात होती. आत्ता तोलू या, सगळ्यांसमोर. सदतीस निघाले तर मी मिस्त्रीची माफी मागतो."

"चला," सुमेधा म्हणाली.

सगळे तळघरात उतरले. फळ्या काढल्या. परातींच्या तळाशी काड्यांचा दाट, चकचकीत थर. उरलेलं पाणी दुसऱ्या टाकीत ओतून घेतलं, काड्या जाळीवर निथळवल्या, दाबल्या, कोरड्या फडक्यांत फिरवल्या. गोपीनाथ बाजूला उभा होता, त्याला हात लावू दिला नाही. वजनं शरदने स्वतः चढवली. दहा, वीस, तीस. काटा डुलला. आणखी अर्धा किलो ठेवला, काटा सरळ झाला.

साडेतीस.

शरदने वजनं एकदा मोजली, मग पुन्हा मोजली, अगदी सावकाश. "साडेसहा किलो," तो म्हणाला. "रोज साडेसहा किलो. अठ्ठेचाळीस नाही, हे मला मान्य आहे. झोळीत मावेल एवढंच नेतो."

सुमेधाचे कान तापले. सदतीस. तिने सदतीस म्हटलं होतं, दोनदा, सेठसमोर, मजुरांसमोर, या माणसासमोर. आकडा चुकणं शक्य नव्हतं, तो आकडा तिचा होता. आकडा बरोबर असेल तर मग काय चूक असेल? आणि तिची नजर आपोआप फिरली. गोपीनाथकडे गेली. त्याच्या खांद्यावरच्या झोळीवर गेली आणि तिथे थांबली.

फार वेळ नाही. बघणाऱ्याला कळण्याइतका वेळ.

गोपीनाथ तिच्याकडेच बघत होता.

"सेठजी, माणूस पाठवतो ठाण्यात," शरद म्हणाला. सेठने उसासा टाकला आणि मान हलवली, हो म्हणून की काय म्हणून ते कळलं नाही.

सुमेधाला काहीतरी करायला हवं होतं, निदान हाताला काम हवं होतं. ती रिकाम्या परातीपाशी गेली आणि तळाशी राहिलेल्या पाण्यात बोटं बुडवली. पाणी कोमट होतं. पौषात याच परातींत बोट घातलं की कळ मनगटापर्यंत जायची. आणि आता हे पोराला अंघोळ घालावी तसलं पाणी. ती तशीच ओणवी राहिली. मग जिना चढून वर गेली, धावतच, आणि थर्मामीटर घेऊन आली.

तीस.

"सत्यानाश," ती म्हणाली, आणि हा शब्द स्वतःसाठी होता. "हे वीसवर आलेलंच नाही."

"आता काय नवीन?" शरदने विचारलं.

"नवीन काही नाही, जुनंच विसरले. अकरा वर्षं इथे फक्त थंडीत काम झालं. थंडीत हे तळघर वीसवर असतं, त्याखालीच असतं. बाहेर जेठाचं ऊन आहे, तळघर तीसच्या खाली जाणार कुठून? तीसवर शंभर किलो नळाच्या पाण्यात शेचाळीस राहतात, बत्तीस नाही. एकशे दहातून शेचाळीस गेले, चौसष्ट. भागिले दोनशे दहा. साडेतीस." तिने काट्याकडे बोट केलं. "तेच आहे ते. साडेसहा किलो कुठे गेले नाहीत, त्या टाकीत आहेत, ओतून घेतलेल्या पाण्यात. विरघळलेले."

"वा," शरद म्हणाला. "आधी अठ्ठ्याहत्तर, मग सदतीस, आता साडेतीस. उद्या पंचवीस निघाले तर पंचवीसचंही गणित असेल तुमच्याकडे. काट्यावर येईल तो आकडा तुमचा. चोराला इतकी चांगली वकील मिळत नाही, बाई."

हे लागलं. लागलं, कारण खरं होतं. सेठही तिच्याकडे मघाच्यासारखं बघत नव्हते. सकाळी कळलेला घोटाळा तिने मनातच ठेवून दिला नसता, एवढं दिमाखात सदतीस म्हणून टाकलं नसतं, आधी एक थर्मामीटर बुडवला असता, तर हे झालंच नसतं.

"बर्फ आणा," ती म्हणाली.

"काय?"

"चौकातल्या लस्सीवाल्याकडून लादी आणा. ओतून घेतलेलं पाणी किती आहे, तोला. साडेएकोणसत्तर भरेल. त्यातलं दहा किलो मी काढायला नको, तुम्हीच काढा, तुमच्या हातांनी. मी वीसवर आणते. साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास सोरा पडला नाही तर ठाण्यात मिस्त्रीसोबत मलाही द्या."

बर्फ आला, भुशात गुंडाळलेला. उरलेलं पाणी तोललं, साडेएकोणसत्तर. शरदने दहा किलो ॲल्युमिनियमच्या पातेल्यात काढलं. मग त्याने बर्फाचा एक तुकडा उचलला आणि पातेल्यात टाकायला गेला. सुमेधाने त्याचं मनगट धरलं, चांगलं घट्ट.

"बाहेरून. आत टाकाल तर तो वितळून पाणी होईल आणि पाण्यात सोरा विरघळून बसेल. नळाचं पाणी, तुमच्या पुण्याचं."

त्याने हात सोडवून घेतला. मनगट लाल झालं होतं. मोठ्या घमेल्यात बर्फ फोडून भरला, त्यात पातेलं बसवलं, आणि सुमेधा लाकडी काठीने ढवळत बसली, दुसऱ्या हातात थर्मामीटर. एकोणतीस. सत्तावीस. पाणी आधी धुरकट झालं, मग त्यात बारीक चमक फिरू लागली. पंचवीसला तळाशी पांढरं दिसायला लागलं. सेठ पुढे होऊन वाकून बघू लागले. मजूर एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावत होते. वीस झाले तसं तिने पातेलं उचललं, फडक्यावर ओतलं, पिळलं, दुसऱ्या कोरड्या फडक्यात दाबलं, पुन्हा दाबलं. मग पुडी शरदपुढे केली. "तोला."

त्याने तोललं. नऊशे चाळीस.

कोणी गुणाकार करायला सांगितलं नव्हतं. शरदने तो आपणहून केला, ओठ हलवत. दहा किलोला नऊशे चाळीस, तर साडेएकोणसत्तरला. साडेसहा. त्याने वजन काट्यावरून खाली ठेवलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "कळलं."

"काय कळलं ते मिस्त्रीला सांगा."

शरद गोपीनाथसमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने माफी मागितली. फार काही चांगली नव्हती, भिंतीकडे बघून मागितलेली, पण त्याने मागितली, शब्द दिल्याप्रमाणे. गोपीनाथने हात जोडले. सेठ म्हणाले झालं ते झालं, फाटकावरची झडती आजपासून बंद, आणि दिवाळीपर्यंत कारखानाही बंद, उगाच कोळसा जाळून निम्मा सोरा पाण्यातच ठेवायचा कशाला. मग ते लिंबाचं सरबत मागवून गेले. ते आलं तेव्हा उरलेला बर्फ त्यातच घातला.

मजूर पांगले. सुमेधा जिंकली होती, दोनदा. तिला वाटलं आता गोपीनाथ येईल आणि "बहिनजी" म्हणून काहीतरी बोलेल. तो आला नाही. तो परातींवर फळ्या ठेवत होता. शेवटी तीच गेली.

"मिस्त्री, सुटलात. आता ठाणंबिणं काही नाही."

"जी."

"मॅनेजरला चांगला धडा मिळाला."

गोपीनाथने हातातली फळी ठेवली. हिंदीत बोलला, पण इतक्या सावकाश, की एकेक शब्द वेगळा ऐकू आला. "मॅनेजरसाहेब आत्ता आले, महिना झाला. ते मला ओळखत नाहीत. त्यांनी मला चोर म्हटलं तर त्यात माझं काय गेलं? तुम्ही अकरा वर्षं ओळखता. काटा साडेतीसवर थांबला तेव्हा तुम्ही आधी माझ्या झोळीकडे बघितलंत. परातीत बोट नंतर घातलंत."

सुमेधाने पुढची फळी उचलून त्याच्यापुढे केली.

कार्तिकात कारखाना पुन्हा सुरू झाला. शरद नातू तोवर सोडून गेला होता, कोणी म्हणे सेठने काढला, कोणी म्हणे त्याला नाशिकला चांगली नोकरी लागली. गोपीनाथ आला. काम पूर्वीसारखंच करायचा. तळघर गार पडलं होतं, टाकीमागे सदतीस येत, कधी अडतीस, पौषात चाळीससुद्धा. "बहिनजी" मात्र तो पुन्हा म्हणाला नाही, "मैडम जी" म्हणू लागला. आणि रोज संध्याकाळी सुटताना, फाटकाकडे जाण्याआधी, तो तिच्या खोलीच्या दारात येई. झोळी खांद्यावरून काढी, झोळीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून सुमेधापुढे धरी, आणि ती आत बघेपर्यंत तसाच उभा राही. पहिल्या दिवशी ती ओरडली. दुसऱ्या दिवशी विनवलं, जे तिने जन्मात कोणाला केलं नव्हतं. तो खाली मान घालून ऐकून घेई आणि झोळी तशीच धरून ठेवी. मागे मजूर सुटायला खोळंबलेले असत. तिसऱ्या दिवशी तिने बघितलं. मग तो "परनाम, मैडम जी" म्हणून गेला. तो निवृत्त होईपर्यंत ती रोज त्या झोळीत बघत होती.